‘४०% बचत’ पुसल्यावर काय उरतं? आखाजीच्या भेट टोपलीचं वर्णन, हिशोबासकट

प्रश्न: दादा, आम्ही चोपडा तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया. आखाजीसाठी, म्हणजे अक्षय तृतीयेसाठी, भेट टोपली काढली. मोबाइलवर असं टाकलं होतं: ‘आखाजी स्पेशल माहेर हॅम्पर! १० हून अधिक अस्सल घरगुती खान्देशी पदार्थ. मूळ किंमत ₹१,४९९, आता फक्त ₹८९९, तब्बल ४०% बचत! सोबत काळा मसाला अगदी मोफत. कोणत्याही सणाला, लग्नाला, ऑफिस गिफ्टला उत्तम. मोजकेच शिल्लक!’ पुण्याच्या एका ताईंनी ‘एवढंच?’ म्हणून टोपली परत पाठवली. दुसऱ्या एकीने विचारलं, १,४९९ आले कुठून? तो आकडा आम्ही मोठ्या दुकानातल्या तसल्याच टोपल्या बघून धरला होता. आतल्या वस्तू, वजनं, आमचे स्टॉलचे दर, छापील किमती, टोपलीचं माप आणि फोटो सोबत पाठवले आहेत. केळी वेफर्स आणि शेव जळगावहून विकत घेतो, बाकी आम्ही करतो. टोपली ११० ला पडते, कुरिअर वेगळं. वर्णन कसं लिहावं?

उत्तर:

ताई, शब्द नंतर बघू, आधी तुमच्याच दरांची बेरीज करू. केळी वेफर्स २०० ग्रॅम ९० रुपये, शेव २०० ग्रॅम ८०, उडदाचे पापड २५० ग्रॅम १२०, ज्वारीचे बिबडे २५० ग्रॅम ११०, कळण्याचं पीठ १ किलो ९०, काळा मसाला २०० ग्रॅम १६०, लाल तिखट २०० ग्रॅम ११०. सगळे मिळून ७६० रुपये झाले. टोपली तुम्ही विकता ८९९ ला. म्हणजे हेच सात जिन्नस कुणी तुमच्या स्टॉलवरून सुटे घेतले, तर त्याला टोपलीपेक्षा १३९ रुपये कमी पडतात. बचत ४० टक्के तर सोडाच, एक रुपयाचीही नाही.

यात लाजण्यासारखं काही नाही. ११० ची टोपली, वर रिबन, कागद, शुभेच्छापत्र आणि बांधायला बसणारीची मजुरी, याचे १३९ रुपये कुठल्याही अंगाने जास्त नाहीत. लोक बांधणीचे पैसे आनंदाने देतात, कारण नेऊन थेट हातात ठेवता येईल अशी भेट त्यांना हवी असते. बिनसलं ते तुम्ही बांधणीचा खर्च बचत म्हणून दाखवला तिथे. ज्या ताईंनी १,४९९ चा उगम विचारला, त्यांनी वर्णनातली सगळ्यात कच्ची जागा बरोबर पकडली.

बचत कशाच्या तुलनेत सांगायची, याला माझ्या लेखी एकच माप आहे: त्याच वस्तू, त्याच वजनाच्या, तुमच्याकडूनच, त्याच दिवशी सुट्या घेतल्या तर किती पडल्या असत्या. दुसऱ्याच्या दुकानातली टोपली माप होऊ शकत नाही. तिच्यातला माल वेगळा, वजन वेगळं, जागेचं भाडं वेगळं.

आता तुमच्या मनात येईल की पाकिटांवरच्या छापील किमतींची बेरीज धरली तर? तुमच्या छापील किमती स्टॉलच्या दरापेक्षा चढ्या आहेत. त्यांची बेरीज मी केली, ती ९८५ होते. त्यावरून ‘८६ रुपयांची बचत’ असं लिहिता येईल आणि कागदावर ते खोटंही ठरणार नाही. तरी लिहू नका. छापील किंमत म्हणजे ज्याच्यावर विकता येत नाही ती कमाल मर्यादा. तुमचा पापड गेल्या महिन्यात कुणी छापील दराने नेला का, हे स्वतःला विचारा. सगळ्यांनीच १२० ला नेला असेल, तर त्याची किंमत १२० च. जो दर कुणी देतच नाही, त्यातून कमी केलेले पैसे गिऱ्हाइकाच्या खिशात उरत नाहीत. आणि सणाच्या आठ दिवस आधी स्टॉलचे दर चढवून मग ‘सूट’ काढायची, हाही तोच प्रकार. तुमच्या गावात तर तो लगेच कळेल, कारण तिथे पापडाचा भाव सगळ्यांना तोंडपाठ असतो.

‘काळा मसाला मोफत’ हे वाक्य मात्र सरळ काढून टाका. तो मसाला ८९९ मध्येच धरलेला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत हे स्पष्ट आहे: पॅकेजच्या किमतीत जी वस्तू आधीच धरली आहे, तिला मोफत म्हणता येत नाही. मोफत कधी म्हणता येईल? ८९९ ची टोपली मसाल्याशिवाय नेहमी विकत असाल आणि आखाजीपुरता मसाला वरून देत असाल, तर.

तुम्हाला खरोखर बचत द्यायची असेल तर तीही देता येते. बांबूची टोपली काढा आणि तेच सात जिन्नस साध्या खोक्यात ७२० ला द्या. सुट्या दरापेक्षा ४० रुपये कमी, आणि एकाच गिऱ्हाइकाला सात पाकिटं जातात म्हणून तुम्हालाही ते परवडतं. मात्र ‘४० रुपये कमी’ असंच लिहा, टक्के लिहू नका. टक्का बघितला की वाचणारा ‘कशाच्या?’ असं विचारतो आणि ते उत्तर ओळीत मावत नाही. रुपये मात्र तो स्वतः मोजून बघू शकतो.

आता ‘एवढंच?’ कडे येऊ. पुण्याच्या ताईंनी टोपली परत केली, पण तुमचा माल कमी नाही. निव्वळ वजन २ किलो ३०० ग्रॅम भरतं, आणि त्यात सव्वा किलो तर नुसतं पीठ नि पापड आहेत. त्यांनी वाचलं होतं ‘१० हून अधिक पदार्थ’. टोपली उघडल्यावर सात निघाले. टोपली, रिबन आणि शुभेच्छापत्र धरून दहा केले असतील, तर रिबन हा पदार्थ नाही. ‘७ पदार्थ’ असं लिहा आणि लगेच पुढे एकूण वजन. वजन वाचून आलेलं गिऱ्हाईक टोपली उघडल्यावर नाराज होत नाही, कारण त्याने मनात जे धरलं होतं तेच निघतं.

वजनाच्या जोडीला दोन गोष्टी हव्यात. पहिली, वस्तू काय आहे ते. कळण्याचं पीठ म्हटलं की चोपड्याला कुणी पुढे विचारणार नाही, पण पुण्या-मुंबईच्या माणसाला ज्वारीत उडीद घालून दळलेलं हे पीठ कदाचित ठाऊकच नसेल. ‘ज्वारी आणि उडीद, भाकरीसाठी’ एवढे चार शब्द जोडले तरी किलोभर पीठ त्याला भरताड वाटणार नाही. बिबड्यांचंही तसंच. ‘ज्वारीचे, तळून किंवा भाजून खायचे’ हे नसलं, तर कुणी ते कच्चेच चावून बघेल. दुसरी गोष्ट नगांची. पापड २५० ग्रॅम म्हणजे किती, हे वजनावरून बाहेरच्याला उमगत नाही. पाच पाकिटं फोडून मोजा आणि सगळ्यात कमी भरला तो आकडा ‘किमान’ म्हणून द्या.

‘अस्सल घरगुती’ हा शब्द सातांपैकी पाचांनाच लागू पडतो. वेफर्स आणि शेव तुम्ही बाहेरून घेता. ते लपवू नका, वेगळं लिहा. केळीच्या पट्ट्यातले वेफर्स तुम्ही निवडून घेता, ही सांगण्यासारखीच गोष्ट आहे. फक्त एक जपा. जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ते चिन्ह किंवा तसा दावा टाकायचा, तर वेफर्सवाल्याकडे त्याचा अधिकार असल्याचा कागद हवा. नसेल तर ‘जळगावच्या उत्पादकाकडून’ इथेच थांबा.

फोटोही वर्णनाचाच भाग असतो. तुमच्या फोटोत मसाल्याची बरणी अर्ध्या किलोची दिसते, पाकीट जातं २०० ग्रॅमचं. पाकिटांच्या खाली पेंढा भरून टोपली उंच केलेली दिसते. पाठवण्याआधी टोपली दिसते तशीच ठेवून वरून एक फोटो काढा, आणि सातही पाकिटं बाहेर ओळीने मांडून दुसरा. दुसरा फोटो कमी देखणा येईल, पण विकायच्या कामी तोच जास्त येतो.

‘कोणत्याही सणाला, लग्नाला, ऑफिस गिफ्टला’ या ओळीवर मी जरा जास्त थांबतो, कारण इथे खोटं बोलायचा हेतू नसतानाही वर्णन खोटं ठरतं. टोपली आखाजीची आहे. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. पितरांसाठी घागर भरतात, घरात पुरणपोळी आणि आमरस असतो. यातलं काही तुमच्या टोपलीत नाही. पूजेचं सामान नाही, गोड एकही नाही. मग ती आखाजीची कशी? तर माहेरून परत निघालेल्या लेकीच्या पिशवीत जे बांधून देतात, ते तुमच्या टोपलीत आहे. पापड, बिबडे, वर्षाचा मसाला, तिखट, कळण्याचं पीठ. हेच लिहा. हेच तुमचं खरं बळ आहे. ‘आखाजी स्पेशल’ म्हणून मोकळं सोडलंत, तर कुणी पूजेच्या किंवा गोडाधोडाच्या अपेक्षेने घेईल.

बाकीचे प्रसंग एकेक तपासा. काळ्या मसाल्यात तुम्ही सुका कांदा आणि लसूण घालता. म्हणजे कांदा-लसूण न खाणाऱ्या घरी ही टोपली चालणार नाही, आणि सणावारी नैवेद्याच्या स्वयंपाकातही तो मसाला कामाचा नाही. उपासाच्या भेटीला तर नाहीच. वेफर्स केळीचे असले तरी ते शेवेच्याच कढईत तळलेले आहेत का, हे उत्पादकाला विचारल्याशिवाय ‘उपासाला चालतील’ असं लिहू नका. लग्नात रुखवताला पापड-बिबडे मांडतात हे खरं, पण ते थाळ्या भरून लागतात, पाव-पाव किलोच्या पाकिटांनी ताट सजत नाही. ऑफिस गिफ्ट म्हणून चालेल, पण तिथले बरेच लोक टोपली उघडून लगेच खायला काय आहे ते बघतात, आणि तसे दोनच जिन्नस आहेत. म्हणून कुणासाठी योग्य हे दोन ओळींत लिहा, आणि कुणासाठी नाही हे एका ओळीत. दुसरी ओळ लिहायला हात धजत नाही हे मला ठाऊक आहे. पण परत येणारी टोपली तीच ओळ थांबवते.

किंमत एकदाच आणि पूर्ण सांगायची. सध्या तुम्ही ८९९ लिहिता आणि पत्ता कळला की कुरिअरचा आकडा सांगता. सगळ्यात शेवटी खर्च पुढे करायचा हा जो प्रकार आहे, त्याला २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘डार्क पॅटर्न्स’च्या, म्हणजे गिऱ्हाइकाला भुलवणाऱ्या युक्त्यांच्या यादीत घातलं. आणि तुमच्या टोपलीत कुरिअर ही छोटी रक्कम नाही, कारण अनेक कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, जागाही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ५,००० ने भागायचं. येईल ते किलो, आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त असेल तर त्यावर भाडं. तुमची टोपली ४० × ३० × २५ ची आहे. गुणाकार ३०,०००, भागून आले ६ किलो, जरी काट्यावर ती तीन किलोच्या आसपास भरत असली. तोच माल ३० × २५ × २० च्या खोक्यात बसवला तर ३ किलोच धरतात. म्हणजे बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला खरा फरक खोक्याने पडतो. पुण्याला टोपलीचं कुरिअर १५० पडतं, खोक्याचं ९० पडलं, तर टोपली घरपोच १,०४९, खोका घरपोच ८१०. हे दोन आकडे वर्णनात लिहा. त्या ताईंनी ८९९ वाचलं होतं आणि दिले १,०४९, ‘एवढंच?’ मध्ये थोडा वाटा त्या दीडशे रुपयांचाही असणार.

जीएसटीची नोंदणी अजून नसेल तर पुढचं तुम्हाला लागू नाही. पण नोंदणी झाली की ध्यानात ठेवा: वेगवेगळ्या कराच्या वस्तू एकाच किमतीत बांधल्या तर त्याला मिश्र पुरवठा म्हणतात आणि आतल्या सगळ्यात जास्त दराच्या वस्तूचा दर अख्ख्या टोपलीला लागतो. एक जास्त कराची वस्तू आत टाकली तर किंमत तिच्यामुळे बदलेल. वस्तू निवडतानाच हिशोबनिसाला विचारून घ्या.

आता हे सगळं घालून वर्णन असं होतं:

> आखाजीची माहेर भेट: ७ खान्देशी पदार्थ, निव्वळ वजन २ किलो ३०० ग्रॅम
>
> लेक सासरी परतताना तिच्यासोबत द्यायला, किंवा खान्देशाबाहेर राहणाऱ्या आपल्या माणसाला पाठवायला.
>
> आमच्या गटाने केलेलं: उडदाचे पापड २५० ग्रॅम; ज्वारीचे बिबडे २५० ग्रॅम (तळून किंवा भाजून); कळण्याचं पीठ १ किलो (ज्वारी आणि उडीद, भाकरीसाठी); काळा मसाला २०० ग्रॅम (सुका कांदा-लसूण आहे); लाल तिखट २०० ग्रॅम.
>
> जळगावच्या उत्पादकाकडून घेतलेलं: केळी वेफर्स २०० ग्रॅम, शेव २०० ग्रॅम.
>
> गोड पदार्थ आणि पूजेचं सामान यात नाही. उपासासाठी किंवा कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी नाही.
>
> बांबूच्या टोपलीत: ₹८९९ (पदार्थ ₹७६०, टोपली व बांधणी ₹१३९). पुण्याला घरपोच ₹१,०४९.
> साध्या खोक्यात: ₹७२०, आमच्या सुट्या दरापेक्षा ₹४० कमी. पुण्याला घरपोच ₹८१०.
> सर्व किमती करांसह. इतर गावांचं कुरिअर मागणी घेण्याआधी सांगू.
>
> वेफर्स आणि शेव यांची मुदत सगळ्यात आधी संपते. तारीख पाकिटावर आहे. पीठ पोहोचल्यावर डब्यात काढून ठेवा.

पापडाचे नग मोजून झाले की ते पापडांसमोर घाला. टोपलीची मुदत म्हणून कायम तीच तारीख धरा जी आतल्या पाकिटांपैकी सगळ्यात आधी येते. आखाजी एप्रिल-मेमध्ये, ऐन उन्हाळ्यात येते, तळलेला माल त्या दिवसांत लवकर खवट होतो. फेब्रुवारीतलं उरलेलं पाकीट टोपलीत घालून संपवायचा मोह टाळा. बाहेरच्या टोपलीवर किंवा खोक्यावर चिठ्ठी लावताना गटाचं नाव-पत्ता, फोन, खाद्य नोंदणीचा क्रमांक, आतल्या प्रत्येक वस्तूचं नाव नि निव्वळ वजन आणि एकूण किंमत लिहा. आतल्या पाकिटांवर असलं तरी लिहा, कारण पारदर्शक कागदात बांधलेली टोपली घेणारा आतली पाकिटं उलटून बघू शकत नाही.

‘मोजकेच शिल्लक’ ऐवजी खरी अट सांगा. तुमची खरी अट बिबड्यांची आहे. उन्हाळ्यात जेवढे वाळले तेवढेच, मागणी आली म्हणून आठवड्यात आणखी होत नाहीत. ‘बिबडे मर्यादित आहेत, संपले तर फोन करून विचारू, त्याऐवजी २५० ग्रॅम पापड देऊ किंवा ₹११० परत करू’ असं लिहा. पर्याय तुम्ही परस्पर ठरवू नका, गिऱ्हाइकाला निवडू द्या. आणि कुरिअरला लागणारे दिवस धरून ‘आखाजीआधी पोहोचवायची असेल तर अमुक तारखेपर्यंत मागणी’ अशी एक तारीख द्या. ती पुढे सरकवू नका.

राहिल्या पुण्याच्या ताई. टोपली परत आली आहे, तर त्यांचे पूर्ण १,०४९ परत करा, कुरिअरसकट, कारण चूक वर्णनाची होती. ज्या दुसरीने १,४९९ चा उगम विचारला तिला खरं सांगा: हा आकडा बाहेरच्या टोपल्या बघून धरला होता, आमचा सुट्यांचा दर ७६० आहे, नवीन वर्णन हे. तिने टोपली ठेवून घेतली असेल, तर तिला १३९ परत देऊ करा. जुनी जाहिरात जिथे जिथे पाठवली होती त्या सगळ्या ग्रुपवर नवीन वर्णन टाका आणि वर एक ओळ जोडा, ‘आधीच्या जाहिरातीतली मूळ किंमत आणि बचत चुकीची होती’.